मोजोकुतोतलं अडलेलं दफन: एकच विधी दोनदा समजून घेताना

खंडोबाच्या जागरणावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीनं सिद्धान्ताचं प्रकरण माझ्याकडे वाचायला दिलं होतं. धर्माच्या मानवशास्त्रात विधीकडे पाहण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. एक विधीला प्रतीकांची संहिता मानून त्याचा अर्थ वाचते, दुसरी विधी हा घडणारा प्रयोग मानून तो काय घडवतो ते पाहते. प्रकरणाचा पहिला अर्धा भाग संहितेला होता, दुसरा प्रयोगाला, आणि शेवटच्या पानावर ‘हे दोन्ही दृष्टिकोन परस्परपूरक असून प्रस्तुत अभ्यासात दोहोंचा वापर केला आहे’ असं वाक्य होतं. संदर्भ चोख होते, मांडणी नीटनेटकी होती. तरी हे प्रकरण वाचून पुढच्या प्रकरणांत ती जागरणाच्या रात्री नेमकं कुठं बघणार आहे, याचा काहीच पत्ता लागत नव्हता. प्रकरण काढून टाकलं असतं तरी प्रबंधाचं काही अडलं नसतं.

मधल्या एका वाक्यात या अडचणीचं मूळ होतं: ‘विधी ही संस्कृतीची संहिता असून प्रत्यक्ष जागरण हा त्या संहितेचा प्रयोग होय.’ नाटक पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे वाक्य सहज पटतं, म्हणूनच ते घातक आहे. त्यानुसार अर्थ आधीच तयार असतो, रात्री तो फक्त मंचावर येतो. मग प्रयोगाबद्दल बोलण्यासारखं एवढंच उरतं की तो चांगला झाला की वाईट. प्रयोगवाद्यांचा दावा याच्या नेमका उलट आहे. विधीतून जे निष्पन्न होतं, त्यातला काही भाग त्या रात्रीआधी कुठंच नव्हता, आणि ती रात्र वेगळी गेली असती तर तो झालाही नसता, असं त्यांचं म्हणणं आहे. विद्यार्थिनीच्या वाक्यानं प्रयोगाची बाजू मांडता मांडता ती संहितेच्या खिशात घातली होती.

दोन्ही बाजूंचं म्हणणं थोडक्यात सांगायला हवं. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी 1972 साली बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीवर लिहिताना झुंज ही बालीच्या लोकांनी स्वतःविषयी स्वतःलाच सांगितलेली गोष्ट आहे, असं मांडलं. ही गोष्ट त्यांच्या खांद्यावरून डोकावून वाचणं हे अभ्यासकाचं काम. यामागे तत्त्वज्ञ पॉल रिकर यांचा एक विचार होता: कृती घडून गेली तरी तिचा अर्थ लिहून ठेवल्यासारखा मागे उरतो आणि करणाऱ्यापासून सुटा होऊन वाचता येतो. यात फायदा मोठा आहे, कारण आजची झुंज आणि पुढच्या आठवड्यातली झुंज एकत्र ठेवून वाचता येते. पण त्याची किंमतही तिथंच मोजावी लागते. आजच्या झुंजीत जे घडलं आणि पुढच्या आठवड्यात घडलं नाही, ते या वाचनात गळून जातं.

गळून गेलेलं उचलायचा प्रयत्न दुसऱ्या बाजूनं झाला. भाषेचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या 1962 साली छापल्या गेलेल्या व्याख्यानांतून एक कल्पना आली: काही वाक्यं माहिती देत नाहीत, काम करतात. ती खरी-खोटी नसतात. ती लागू पडतात किंवा फसतात. स्टॅनली तांबय्या यांनी 1979 च्या व्याख्यानात ही कल्पना विधीला लावली. तीन अर्थांनी त्यांनी विधीला प्रयोग म्हटलं. विधीत म्हणणं हेच करणं असतं, हा पहिला. गाणं, वास, हालचाल, पुनरावृत्ती अशा अनेक माध्यमांतून सहभागी माणूस तो तीव्रतेनं अनुभवतो, हा दुसरा. आणि विधी चालू असताना कोण कुठं बसलं, कुणाला मान मिळाला, किती खर्च झाला यातून माणसं एकमेकांची पत ठरवत असतात, हा तिसरा. विद्यार्थिनीच्या प्रकरणात पहिले दोन अर्थ होते, तिसरा एका ओळीत उरकला होता. क्षेत्रकाम करणाऱ्याला सगळ्यात जास्त कामाला येतो तो हा तिसराच.

आणखी एक गैरसमज तिथं होता: प्रयोग म्हणजे नाटक, म्हणजे प्रेक्षकांसाठी केलेली बतावणी. यावर एडवर्ड शिफेलिन यांचा 1985 चा लेख पुरेसा आहे. पापुआ न्यू गिनीतल्या बोसावी भागात कालुली लोकांच्या लांबट सामाईक घरात रात्री अंधारात माध्यम आडवा पडतो. त्याच्या तोंडून आत्मे गातात, जमलेले लोक साथीला ओळी उचलतात, आजारी माणसाबद्दल आत्म्यांना प्रश्न विचारतात, गाण्यात ओळखीच्या जागांची नावं आली की रडतात. या गाण्यांमागे आधीच पक्का असलेला एकच अर्थ शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. आत्मा तिथं हजर आहे ही खात्री गाणारा आणि साथ देणारे यांच्यातल्या देवाणघेवाणीतून तयार होते. साथ मिळाली नाही तर खात्रीही नाही. बतावणीचा इथं संबंध येत नाही.

एवढं समजावूनही प्रकरण अमूर्तच राहिलं असतं. म्हणून मी तिला सुचवलं की दोन बाजूंसाठी दोन वेगळी उदाहरणं घेऊ नकोस. संहितेसाठी बाली आणि प्रयोगासाठी बोसावी घेतलं की वाचकाला वाटतं, काही विधी वाचण्याचे असतात आणि काही पाहण्याचे. एकच विधी घे आणि त्याच्याकडे दोनदा जा. त्यासाठी मी तिला गिअर्ट्झ यांचाच 1957 चा जावातल्या एका दफनावरचा लेख दिला. तिनं आधी हरकत घेतली. ‘सर, पण गिअर्ट्झ तर संहितेच्या बाजूचे ना? त्यांच्याकडून प्रयोगाचा पुरावा कसा मिळेल?’ मला तो लेख नेमका याचसाठी हवा होता. घटना त्यांनी इतक्या बारकाईनं टिपली आहे की त्यांच्या निष्कर्षाशी न जुळणाऱ्या प्रश्नांचीही उत्तरं तिच्यात सापडतात. शिवाय तो विधी अडलेला आहे. सुरळीत पार पडलेल्या विधीत दोन्ही पद्धती एकाच उत्तराशी येऊन थांबतात आणि फरक दिसत नाही. अडलेल्या विधीत तो उघडा पडतो.

घटना अशी. गिअर्ट्झ यांनी मोजोकुतो असं टोपणनाव दिलेलं पूर्व जावातलं एक छोटं शहर, साल 1954. काकाकडे राहणारा सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा अचानक दगावतो. तिथल्या रिवाजानुसार पुढची कामं ठरलेली असतात. मोदिन, म्हणजे गावचा धार्मिक अधिकारी, बोलावला जातो. शेजारी हातातलं काम टाकून येतात. बायका तांदूळ घेऊन येतात, पुरुष कबर खणायला आणि कबरीवर लावायच्या लाकडी खुणा करायला लागतात. प्रेताला स्नान घालून कफनात गुंडाळतात आणि काही तासांतच दफन होतं. मग तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी आणि पुढंही स्लामेतान नावाची सामुदायिक जेवणं होतात. सगळं घाईनं, पण शांतपणे चालतं. मोठ्यानं शोक करणं बरं मानत नाहीत; इक्लास, म्हणजे मनानं सोडून देणं, हे अपेक्षित असतं.

या वेळी मोदिन आला आणि त्याला काकाच्या दारावर पेर्माइ या पक्षाचं चिन्ह दिसलं. पेर्माइ हा छोटा पक्ष डाव्या राजकारणाची सांगड जावाच्या जुन्या स्थानिक धर्माशी घालत होता आणि कट्टर इस्लामच्या विरोधात होता. मोदिन म्हणाला, तुमचा धर्म वेगळा, त्यातले अंत्यविधी मला माहीत नाहीत, मला फक्त इस्लामचे माहीत आहेत. तो विधी करायला तयार होईना. घरात प्रेत तसंच पडून राहिलं. पुढं काय करायचं हे कुणालाच कळेना. इस्लाम काटेकोरपणे पाळणारे सान्त्री एकीकडे, जुन्या स्थानिक परंपरेतले आबांगान दुसरीकडे, अशी माणसं अंतर राखून अवघडून बसली. बायकांचा संयम सुटला आणि एरवी कधी ऐकू न येणारा आक्रोश सुरू झाला. पुष्कळ वेळानं स्नान आणि दफन इस्लामी रीतीनं झालं खरं, पण तिसऱ्या दिवसाच्या स्लामेतानावरही त्या ताणाची सावली राहिली.

पहिली फेरी अर्थाची. गिअर्ट्झ यांच्या मते धर्म मोडकळीला आला म्हणून विधी फसला, असं म्हणणं चूक आहे. लोकांची श्रद्धा शाबूत होती. ती नसती तर कुणाचं काही अडलंच नसतं. अडचण अशी की हे लोक आता शहरात राहत होते आणि पक्ष, वर्ग, विचारसरणी यांनी बांधले जात होते, पण त्यांची धार्मिक प्रतीकं अजून खेड्याची होती. शेजारी राहतो तो आपला, असं त्या प्रतीकांत गृहीत होतं. दरम्यान तीच प्रतीकं राजकीय झाली होती. दफनाची अरबी प्रार्थना आता प्रार्थनाही होती आणि एका पक्षाची खूणही. 1955 च्या निवडणुका तोंडावर होत्या. मोदिनाला दारावरचं चिन्ह नुसता कागद वाटू शकत नव्हतं.

इथं एक खबरदारी घ्यावी लागते आणि विद्यार्थिनीनं ती नीट घेतली. 1957 च्या लेखात गिअर्ट्झ संस्कृतीला संहिता म्हणत नाहीत. तिथं त्यांचा भर अर्थाची व्यवस्था आणि समाजाची रचना वेगळ्या काढण्यावर आहे. संहितेचं रूपक नंतर, 1970 च्या दशकात येतं. म्हणून हा लेख संहितावादाचा नमुना म्हणून देता येत नाही, प्रतीकांच्या अर्थावर उभं राहिलेलं स्पष्टीकरण म्हणूनच द्यावा लागतो. अशी तारखांची गल्लत परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. उलट 1966 च्या धर्मावरच्या निबंधात गिअर्ट्झ यांनी ‘सांस्कृतिक प्रयोग’ ही मिल्टन सिंगर यांची संज्ञा वापरली आहे, आणि ती सिंगर यांना 1950 च्या दशकात मद्रासमध्ये काम करताना सुचली होती. म्हणजे अभ्यासकांची दोन गटांत वाटणी करणंच मुळात बरोबर नाही.

दुसरी फेरी घडण्याची. आता प्रतीकाचा अर्थ काय हे बाजूला ठेवायचं आणि त्या दिवशी काय झाल्यामुळं काय झालं, हे पाहायचं. पहिली गोष्ट म्हणजे मोदिनाचं वाक्य. ‘तुमचा धर्म वेगळा’ हे वरवर पाहता माहिती देणारं वाक्य आहे. पण मोदिन या पदावरच्या माणसानं, काकाच्या दारात, शेजाऱ्यांसमोर, प्रेत घरात असताना ते म्हटलं. काका सकाळपर्यंत शेजाऱ्यांसारखाच एक शेजारी होता. त्या वाक्यानंतर तो वेगळ्या धर्माचा ठरला. दारावरचं चिन्ह तर आधीपासून तिथंच होतं, त्यानं एकट्यानं हे केलं नव्हतं. नकारानं ते केलं. ऑस्टिन यांच्या भाषेत दफनाचा विधी फसला, पण नकाराचा विधी पूर्ण लागू पडला. हे अर्थ वाचून हाती येत नाही, कारण चिन्हाचा अर्थ आदल्या दिवशीही तोच होता.

दुसरी गोष्ट आक्रोशाची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. अर्थाच्या वाचनात आक्रोश हे आतल्या विसंगतीचं लक्षण आहे: प्रतीकं आणि समाज जुळले नाहीत, ताण आला, तो रडण्यातून बाहेर पडला. घडण्याच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्नच फिरतो. एरवी ती माणसं शांत का राहतात? विद्यार्थिनीनं नेहमीच्या दफनातली कामं एका कागदावर उतरवली आणि प्रत्येकापुढं ते कोण करतं हे लिहिलं. तांदूळ कोण आणतं, खुणा कोण तासतं, पाणी कोण ओततं, प्रेत कोण धरतं. लक्षात आलं की घरात असा जवळपास कुणीच नसतो ज्याच्या हाताला त्या काही तासांत काम नाही. इक्लास ही मनातली भूमिका आहे हे खरं, पण ती या कामांच्या क्रमानं आणि वेगानं पेलून धरलेली असते. पहिलंच काम अडलं तसे मागचे सगळे हात रिकामे झाले. या वाचनात आक्रोशाचं कारण विसंगती नाही, थांबलेला क्रम आहे. दोन्ही स्पष्टीकरणं एकाच रडण्याबद्दल आहेत आणि ती सारखी नाहीत. ‘परस्परपूरक’ म्हणून ती मिटवून टाकता येत नाहीत.

मग यातलं कुठलं बरोबर, हे कशावरून ठरवायचं? एखाद्या दफनात प्रतीकांचा वाद नाही, पण दुसऱ्याच कारणानं उशीर झाला, समजा पावसानं कबर खणता येईना. तिथंही आक्रोश झाला तर क्रमाचं स्पष्टीकरण बळावतं. उलट वाद आहे पण मोदिनानं कुरकुरत का होईना वेळेवर विधी उरकला, तरीही संयम सुटला, तर अर्थाचं स्पष्टीकरण बळावतं. एका घटनेवरून याचा निकाल लागत नाही, पण पुढं काय शोधायचं हे कळतं. सिद्धान्ताच्या प्रकरणानं एवढं तरी करून द्यायला हवं.

घडण्याच्या वाचनाची मर्यादाही इथंच दिसते. मोदिन त्या चिन्हापाशीच का थबकला, दाराच्या रंगापाशी का नाही, हे नुसता क्रम पाहून कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी पेर्माइ म्हणजे काय, सान्त्री त्याकडे कसं पाहतात, प्रार्थना कुणाची समजली जाते हे माहीत हवं, आणि ते अर्थाचंच क्षेत्र आहे. कॅथरिन बेल यांनी 1992 मध्ये दाखवून दिलं की विधीचे सिद्धान्त आधी विचार आणि कृती यांची फाळणी करतात आणि मग विधीत ती दोन्ही कशी जुळतात याचं कौतुक करत बसतात. संहिता आणि प्रयोग या जोडीलाही हा आक्षेप लागू होतो. तो प्रकरणात यायलाच हवा. तो आला की ‘दोन्ही वापरणार’ म्हणून भागत नाही. कुठल्या प्रश्नासाठी काय, हे सांगावं लागतं.

यानंतर आम्ही तिच्या जागरणाच्या प्रकरणाचा मसुदा काढला आणि मी तिला त्यातली क्रियापदं अधोरेखित करायला सांगितली. प्रस्तावनेत तिनं प्रयोगवादी भूमिका घेत असल्याचं जाहीर केलं होतं. पण रात्रीच्या वर्णनात पानोपानी ‘दर्शवतो’, ‘सूचित करतो’, ‘प्रतीक आहे’, ‘द्योतक आहे’ हीच क्रियापदं होती. भंडारा समृद्धीचं प्रतीक, दिवटी ज्ञानाची द्योतक. ही सगळी वाचनाची क्रियापदं आहेत. प्रयोगाच्या वर्णनात थांबला, अडला, पुन्हा म्हणाला, उठून गेली, हसले, दुरुस्त केलं, उशीर झाला अशी क्रियापदं यायला हवीत. भूमिका एक आणि क्रियापदं दुसरी असली की समजावं, सिद्धान्त प्रस्तावनेच्या पुढं गेलेलाच नाही. ही खूण मी इतर प्रबंधांतही पाहिली आहे आणि ती क्वचितच चुकते.

तिच्या टिपणवहीत मात्र हवं ते सगळं होतं, मसुद्यात उतरताना ते गळलं होतं. जागरणाच्या शेवटाकडे वाघ्या लंगर तोडतो: लोखंडी साखळी झटका देऊन तोडायची. मसुद्यात याला एक परिच्छेद होता आणि त्यात साखळी म्हणजे संसाराचं बंधन, असा एका जाणत्या वाघ्यानं सांगितलेला अर्थ होता. वहीत एका घरच्या जागरणाची नोंद होती, तिथं साखळी तुटेना. वाघ्यानं पुन्हा झटका दिला, डिमडी थांबली, घरातल्या थोरल्या बाईनं ‘काही राहिलं का रं देवाचं?’ असं मोठ्यानं विचारलं. मग एका जुन्या नवसाची आठवण निघाली, धाकट्या दिरानं तो फेडला नव्हता हे सगळ्यांसमोर आलं, त्यानं भंडारा उचलून कबूल केलं, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर झाला आणि त्यानंतर साखळी तुटली. दोन भावांमधलं देणंघेणं त्या रात्री चव्हाट्यावर आलं आणि मिटलंही. साखळी संसाराचं बंधन असो वा नसो, ती न तुटल्यामुळं हे झालं. ‘हे मसुद्यात का घेतलं नाहीस?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘मला वाटलं, ते जागरण बिघडलेलं होतं, म्हणून नमुना म्हणून चालणार नाही.’

संहितेच्या नजरेनं वर्षानुवर्षं वाचत आलं की असंच होतं. बिघडलेली प्रत बाजूला ठेवायची आणि शुद्ध पाठ निवडायचा, ही पोथ्यांची शिस्त नकळत क्षेत्रकामात येते. पोथीसाठी ती योग्यच आहे. विधीच्या अभ्यासात मात्र तिच्यामुळं नेमका मोलाचा पुरावा कचऱ्यात जातो. सुरळीत रात्रीत साखळी पहिल्या झटक्यात तुटते आणि ती काय करते हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेरलेखनात सिद्धान्ताचं प्रकरण निम्म्याच्या आसपास आलं. बाली आणि बोसावी एकेका परिच्छेदात आले, मोजोकुतोला मधली सगळी जागा मिळाली. शेवटचं ‘परस्परपूरक’ वाक्य गेलं. त्याऐवजी तिनं लिहिलं की भंडारा, दिवटी, कोटंबा यांचे अर्थ ती वाघ्या-मुरळ्यांनी सांगितलेल्या स्पष्टीकरणांतून घेईल, ती स्पष्टीकरणं एकमेकांशी कुठं जुळत नाहीत हेही दाखवील, पण जागरणानं घरात काय बदललं याबद्दलचा प्रत्येक दावा एखाद्या नोंदवलेल्या रात्रीवरच उभा करील. मी एकच भर सुचवली. तिच्याकडं त्या रात्रींची चित्रफीत होती, आणि फीत थांबवून, मागं नेऊन पुन्हा पाहिली की चालता प्रयोग पुन्हा वाचायची संहिताच होतो. डिमडी थांबल्यावर साखळी तुटेल की नाही हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. फीत पाहणाऱ्याला ते माहीत असतं. म्हणून त्या रात्रीचं वर्णन तिनं आधी हस्तलिखित वहीवरून लिहावं आणि फीत फक्त शब्द आणि वेळ तपासायला वापरावी, असं आम्ही ठरवलं, आणि प्रकरणाच्या पद्धतीच्या भागात ते तसं नमूद केलं.